वडिलांनी दिलेल्या १५ लाखांचा खुलासा करूनही गृहकर्जाची फाइल बंद केल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
गृहकर्ज विभाग

महोदय/महोदया,

पुण्यातल्या तुमच्या शाखेने माझी ६० लाखांच्या गृहकर्जाची फाइल ‘स्वतःच्या हिश्श्याच्या रकमेचा स्रोत स्पष्ट नाही’ असा शेरा मारून बंद केली आहे. घराची किंमत ८० लाख आहे. उरलेल्या २० लाखांपैकी ५ लाख माझ्या पगारातून साठवलेले आहेत आणि १५ लाख वडिलांनी मला भेट दिले आहेत. या १५ लाखांबद्दल शाखेने मागितला तो प्रत्येक कागद मी दिला आहे.

माझ्या खात्यात अचानक मोठी रक्कम आली, तर ती कुठून आली हे बँकेने विचारावं, यात मला काहीच वावगं वाटत नाही. ती रक्कम उसनी असेल तर तिचीही परतफेड माझ्याच पगारातून होणार आणि मग हप्ता झेपेल का, हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच वडिलांच्या भेट घोषणापत्रात ‘ही रक्कम मुलीला प्रेमापोटी दिली आहे, ती परत घ्यायची नाही, तिच्यावर व्याज नाही आणि या घरात माझा हक्क राहणार नाही’ असं स्पष्ट लिहिलं आहे. रक्कम, तारीख, आरटीजीएसचा यूटीआर क्रमांक, दोघांचे पॅन, वडिलांची सही आणि रक्कम स्वीकारल्याची माझी सही, सगळं त्यात आहे. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीतून केलेली ठेव त्यांनी मोडली. ती मोडल्याची पावती आणि त्यांच्या खात्याचा सहा महिन्यांचा उतारा सोबत जोडला होता.

तरी पहिल्यांदा फाइल परत आली, ती ‘देणारा आणि घेणारी यांची आडनावं जुळत नाहीत’ म्हणून. माझं लग्न झालं आहे. आधार, पॅन आणि बँक खातं या सगळ्यांवर माझं मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनाव सासरचं आहे. आपल्याकडे असंख्य लग्न झालेल्या मुलींचं असंच असतं. मी जन्मदाखला दिला, तर त्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी आहे, म्हणून तो नाकारला. तेव्हा बाळाचं नाव न लिहिताच नोंद व्हायची आणि पुढे ते घालून घ्यायचं राहून गेलं. मग मी शाळा सोडल्याचा दाखला दिला. त्यावर माझं माहेरचं पूर्ण नाव आहे आणि आईचंही नाव आहे. सोबत विवाह नोंदणीचा दाखला दिला, त्यावर लग्नाआधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही नावं आहेत. हे दोन कागद शेजारी ठेवले की नातं सरळ जुळतं. शिवाय माझ्या पॅन कार्डावर आजही वडिलांचंच नाव छापलेलं आहे आणि ते कार्ड पहिल्या दिवसापासून तुमच्या फाइलमध्ये आहे. ते कोणीतरी नीट पाहिलं असतं, तर पाच आठवडे वाचले असते.

दुसऱ्यांदा हरकत आली की पैसे आई-वडिलांच्या संयुक्त खात्यातून आले आहेत आणि घोषणापत्र एकट्या वडिलांचं आहे. ही हरकत मला पटली. आईचं वेगळं संमतीपत्र मी दोन दिवसांत दिलं. पण हे पहिल्याच वेळी का सांगितलं नाही?

तिसऱ्यांदा तर नोंदणीकृत बक्षीसपत्र आणा, म्हणून सांगितलं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२३ प्रमाणे स्थावर मिळकतीची भेट नोंदणी करूनच द्यावी लागते. जंगम वस्तूची भेट मात्र ती प्रत्यक्ष सुपूर्द केली तरी पूर्ण होते. माझ्या खात्यात रक्कम जमा झाली, ते सुपूर्द करणंच आहे. बँकेचा स्वतःचा वेगळा नियम असेल तर तो लेखी दाखवा, मी तोही पाळीन. ‘५० हजारांच्या वर भेट घेतली म्हणजे कर भरावाच लागेल, त्याची पावती आणा’ असंही मला काउंटरवर सांगण्यात आलं. ती मर्यादा नातेवाइकांकडून मिळालेल्या भेटीला लागू नाही आणि आयकर कायद्याच्या व्याख्येत आई-वडील नातेवाईकच आहेत. जो कर लागतच नाही, त्याची पावती मी कुठून आणू?

या चकरांमध्ये वडील सोलापूरहून दोनदा सही करायला आले. त्यांचं वय ६८ आहे. दुसऱ्या वेळी काउंटरवर त्यांना सगळ्यांसमोर ‘ही खरंच तुमची मुलगी आहे का?’ असं विचारलं गेलं. ते काही बोलले नाहीत. घरी येऊन जेवलेही नाहीत.

माझी मागणी अशी आहे. फाइल पुन्हा उघडून, दिलेल्या कागदांवरच १० दिवसांत निर्णय द्यावा. एखादा कागद कमी असेल तर सगळी यादी एकदाच आणि लेखी द्यावी. नकारच द्यायचा असेल, तर नेमका कोणता कागद कोणत्या नियमाने अपुरा ठरला ते लिहावं. आणि वडिलांना जे विचारलं गेलं, त्याबद्दल शाखा व्यवस्थापकांनी त्यांना स्वतः फोन करावा.

बिल्डरसोबतच्या कराराची मुदत या महिनाअखेर संपते. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही, तर मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करीन.

सोबत: भेट घोषणापत्र, आईचं संमतीपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणी दाखला, दोघांची पॅन कार्डं, ठेव मोडल्याची पावती, दोन्ही खात्यांचे उतारे आणि शाखेच्या तिन्ही ईमेलच्या प्रती.

आपली,
गृहकर्ज अर्जदार