मुलीच्या भातावरचं तूप

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या कोपरीत सोसायटीच्या हॉलमध्ये चातुर्मासाचं प्रवचन चालू आहे. गेल्या गुरुवारी बुवांचा विषय होता मुलगा आणि मुलगी. मला वाटलं आता तेच, मुलगी म्हणजे लक्ष्मी, दोन्ही घरची पणती वगैरे, म्हणून मी दाराजवळचीच खुर्ची धरली, म्हणजे कुकर लावायला वेळेत सटकता येईल. पण त्यांनी बृहदारण्यक उपनिषद काढलं आणि मी काही उठले नाही.

त्यात सहाव्या अध्यायाच्या चौथ्या ब्राह्मणात दिलंय की नवराबायकोला कसं मूल हवं असेल तर त्यांनी काय शिजवून खावं. एक वेद शिकणारा मुलगा हवा तर दुधातला भात, दोन वेद शिकणारा हवा तर दहीभात, तीन वेदांचा हवा तर नुसता पाण्यात शिजवलेला. आणि त्याच यादीत, त्याच सुरात पुढे येतं, 'अथ य इच्छेद्दुहिता मे पण्डिता जायेत', म्हणजे आपल्याला विदुषी मुलगी व्हावी असं ज्याला वाटतं त्याने तिळाचा भात शिजवावा. बुवांनी दोन शब्द छान उलगडले. एक 'सर्पिष्मन्तम्', म्हणजे तूप घालून, हे मुलाच्या भाताला जसं आहे तसंच्या तसं मुलीच्याही भाताला आहे. दुसरा 'अश्नीयाताम्', हे द्विवचन आहे, म्हणजे दोघांनी खायचं, नुसतं बाईने पथ्य पाळायचं असं नाही. आणि 'सर्वमायुरियात्', तिला पूर्ण आयुष्य लाभो, हेही मुलासारखंच. हॉलमध्ये टाळ्या पडल्या, प्रवचन संपलं.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. घरी सासऱ्यांचं भाष्यासकट मराठी भाषांतर आहे, रात्री ते काढून बसले. तर आद्य शंकराचार्यांनी त्या 'पण्डिता' शब्दाखाली लिहिलंय की मुलीचं पांडित्य म्हणजे घरकामापुरतंच समजायचं, कारण तिला वेदाचा अधिकार नाही. मूळ वाक्यात घरकामाचा उल्लेखही नाही हो! आणि याच उपनिषदात तिसऱ्या अध्यायात गार्गी वाचक्नवी जनकाच्या भर सभेत याज्ञवल्क्यांना प्रश्न विचारते, पहिल्या वेळी ते म्हणतात फार विचारू नकोस, डोकं गळून पडेल, तरी ती पुन्हा उठते आणि म्हणते की धनुष्याला दोरी चढवून, हातात दोन बाण घेऊन योद्धा उभा राहावा तशी मी दोन प्रश्न घेऊन उभी आहे. आता हे काय घरकामाचे प्रश्न होते का? आकाश कशात ओवलंय हे विचारत होती ती.

दुसऱ्या दिवशी बुवांना हे विचारलं तर ते हसून म्हणाले, ताई, एवढं सगळं सांगितलं तर लोकांचा गोंधळ होतो. मला नाही पटलं. बुवांबद्दल आदर आहे, पण उलटं बोलणारी बाजू झाकून ठेवली तर उद्या कुणीतरी तेच भाष्य मोबाईलवर दाखवून म्हणेल बघा, शास्त्रातच लिहिलंय, आणि आमच्याकडे उत्तर नसेल. शिवाय खरं सांगायचं तर मूळ यादीही काही बरोबरीची नाही, मुलगा चार प्रकारचा मागितलाय आणि मुलगी एकदाच, आणि वेदांचा आकडा फक्त मुलांच्याच वाट्याला. (चौथ्या मुलाचा भात मांसाचा आहे, तो बुवांनी गाळला, श्रावण जवळ आला म्हणून असेल.) पण मूळ काय, भाष्य काय हे वेगवेगळं सांगितलं की निदान कळतं, मुलीचं पान कुणी आणि कुठे कापलं ते.

आता घरचं सांगते. माझी मुलगी बारावीला, मुलगा आठवीला. आमच्या सासूबाई प्रेमळ आहेत, दोघांवर जीव आहे त्यांचा, पण वाढताना मुलाच्या भातावर तुपाचा चमचा दोनदा फिरतो आणि मुलीच्या ताटाशी आला की 'तुला चालत नाही ना गं' असं म्हणून बरणीत परत जातो. तिला चालतं, तिने कधीच नको म्हटलेलं नाही. आणि जेवण झालं की ताटं उचलायला हाक तिलाच, तो आपला अभ्यासाला. मी इतकी वर्षं बघून न बघितल्यासारखं करत आले, त्यात सासूबाईंइतकीच माझीही चूक आहे.

शुक्रवारी जेवताना त्यांना 'सर्पिष्मन्तम्' वाचून दाखवलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, 'तिळाचा भात मला येतो, संक्रांतीला आई करायची.' रविवारी त्यांनी तो केला. चमचा अजून मुलाकडेच आधी वळतो. पण आता दुसरीकडेही फिरतो, आणि ताटं परवापासून मुलगा उचलतोय, कुरकुरत का होईना.

आपली,
एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)