वीज गेली तरी कंदील वेळेवर लागावा म्हणून

स्टुटगार्ट, ४ ऑक्टोबर २०२६

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. कंदील आणि माळा लावण्या-विझवण्यासाठी रोज जिना चढावा लागू नये, एवढ्यासाठी हे सगळं नीट लिहिते.

स्मार्ट प्लग साताऱ्यातच घ्या. इथले प्लग आपल्या बोर्डात बसत नाहीत. घेताना पिना बघा. जाड पिनांचा १६ अँपिअरचा प्लग गिझरच्या पॉइंटला बसतो, हॉलच्या साध्या पॉइंटला नाही. आपल्याला बारीक पिनांचा १० अँपिअरचा हवा. कंदिलातला ९ वॅटचा बल्ब आणि एलईडीच्या पाच माळा मिळून पन्नास वॅटसुद्धा होत नाहीत, त्यामुळे सगळं एकाच प्लगवर सहज चालेल. प्लग मात्र घरातच ठेवा. परतीचा पाऊस दिवाळीतही गाठतो आणि गॅलरीत त्यात पाणी शिरेल. बाहेर फक्त वायर जाऊ दे.

आधी प्रत्येक माळ तपासा. माळ चालू असताना बोर्डाचं बटण बंद करा आणि पुन्हा चालू करा. आपोआप लागली तर ती चालेल. ज्या माळेला रिमोट दाबावा लागतो किंवा डबीवरचं बटण दाबावं लागतं, तिला प्लगने वीज दिली तरी ती काळोखीच राहते. अशी माळ देवघरात हाताने लावायला ठेवा.

जोडणी फोनवरून होते. प्लगला २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय लागतं. "डिव्हाइस सापडत नाही" असं येत राहिलं, तर राउटरवर ५ गिगाहर्ट्झ तेवढ्यापुरतं बंद करा. जोडणी बाबांच्या फोनवरून करा आणि मग मला शेअर करा. अ‍ॅपमध्ये घराचं ठिकाण सातारा आहे ना, हे पाहायला विसरू नका. ते स्टुटगार्ट राहिलं, तर "सूर्यास्ताला चालू" म्हटलेला कंदील इथल्या सूर्यास्ताला, म्हणजे तुमच्या रात्री नऊ वाजून गेल्यावर लागेल.

खरी गोम आहे ती वीज जाण्यात. समजा, चालू व्हायची वेळ संध्याकाळी सहाची आहे, पावणेसहाला वीज गेली आणि साडेसहाला आली. सहाचा हुकूम निघून गेलेला असतो. प्लग बंदच राहतो आणि पुढचा हुकूम उद्याचा! म्हणून वेळापत्रकात "चालू" एकदाच न घालता ६, ६:३०, ७ आणि ८ अशी चारदा घाला. दिवे आधीच लागलेले असतील तर काही बिघडत नाही. "बंद"सुद्धा ११, ११:३० आणि १२ ला घाला. सेटिंगमध्ये वीज आल्यावर प्लगने काय करायचं ते विचारलेलं असतं, तिथे "आधीची स्थिती" निवडा. वीज गेली की प्लगचं घड्याळही पुसलं जातं आणि त्याला वेळ इंटरनेटवरून मिळते, म्हणून राउटर इन्व्हर्टरवर हवा. बोर्डाचं बटण कायम चालूच राहिलं पाहिजे. त्यावर चिकटपट्टी लावून ठेवा, नाहीतर कुणीतरी झोपताना सवयीने बंद करतंच.

काकूंकडे वाय-फाय नाही, त्यांना गोल तबकडीचा टायमर पुरेल. तबकडीच्या कडेला पिना असतात, बहुतेक टायमरमध्ये एक पीन म्हणजे १५ मिनिटं. सहा ते अकरासाठी २० पिना दाबायच्या. त्याची मोटर मेनच्या विजेवर फिरते. दोन तास भारनियमन झालं की तबकडी दोन तास मागे पडते आणि कंदील आठला लागतो. वीज गेलेल्या दिवशी तबकडी फिरवून चालू वेळेवर आणायची, एवढंच काम.

तुळशीजवळ आणि कंपाउंडला सोलर दिवे लावा. त्यांना वेळ सांगावी लागत नाही. पॅनेलवर उजेड पडायचा थांबला की ते लागतात. म्हणूनच रस्त्याच्या दिव्याखाली किंवा आपल्याच कंदिलाखाली पॅनेल आलं, तर दिवा लागतच नाही. तसा संशय आला तर पॅनेलवर हात ठेवा. लागला, तर दिवा चांगला आहे, जागा चुकली आहे. नोव्हेंबरात ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणून पॅनेल दक्षिणेला तोंड करून थोडं तिरकं ठेवा, आणि धूळ ओल्या फडक्याने पुसा. खालचं बारीक बटण चालू आहे का बघा. कित्येक दिव्यांत ते बंद असेल तर बॅटरी भरतच नाही.

मात्र नरक चतुर्दशीच्या पहाटे सोलरवर भिस्त ठेवू नका. संध्याकाळी लागलेल्या छोट्या दिव्याची बॅटरी तोवर बहुधा संपलेली असते. अभ्यंगस्नानाच्या उजेडासाठी प्लगवर त्या एका दिवसाचं वेगळं वेळापत्रक घाला: ४:३० ला चालू, ७ ला बंद. ४:४५ ला आणखी एक "चालू" असू द्या.

प्लग आणलात की पिनांचा फोटो पाठवा, जोडायच्या आधी.

तुमची,
लेक