‘पाकीट सापडले’ची सूचना लिहिताना खुणा झाकून ठेवाव्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोसायट्यांच्या आणि परिसरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाकीट सापडल्याच्या ज्या सूचना सध्या फिरतात, त्या लिहिण्याच्या पद्धतीबद्दल आपल्या वाचकांपुढे काही मांडावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. सापडलेली वस्तू परत करण्याची पुणेकरांची इच्छा प्रामाणिकच असते, याविषयी मला शंका नाही. माझी तक्रार आहे ती सूचनेच्या मजकुराबद्दल, कारण बहुतेक सूचनांच्या शेवटी ‘ओळख पटवून घेऊन जावे’ असे लिहिलेले असते आणि ज्यावरून ओळख पटायची, ते सगळे त्याआधीच्या चार ओळींत जाहीर करून टाकलेले असते.

माझ्या शेजाऱ्यांना मध्यंतरी नळ स्टॉपजवळ एक पाकीट सापडले. ग्रुपवर टाकण्याआधी त्यांनी मजकूर मला वाचायला दिला. तो, नाव वगळून, असा होता: ‘आज सकाळी साडेनऊ वाजता नळ स्टॉपच्या बसथांब्यावरील बाकावर तपकिरी रंगाचे चामडी पाकीट सापडले आहे. आत श्री. अमुक यांचे आधार कार्ड, लायसन्स, बँकेचे डेबिट कार्ड आणि रोख २,३४० रुपये आहेत. फोटो सोबत जोडले आहेत. ज्यांचे असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावे. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.’ सोबत टेबलावर ओळीने मांडलेल्या कार्डांचा फोटो होता. आधारचे पहिले आठ आकडे त्यांनी अंगठ्याने झाकले होते आणि आपण पुरेशी काळजी घेतली आहे, असे त्यांना मनापासून वाटत होते.

त्या फोटोत आधारचा क्यूआर कोड मात्र उघडाच होता. हा कोड वाचला, तर त्यातून नाव, जन्मतारीख आणि पत्ता मिळतो. म्हणजे अंगठ्याखाली जे झाकले त्याहून कितीतरी जास्त शेजारच्या चौकोनातून बाहेर पडत होते. लायसन्सवर जन्मतारीख आणि पत्ता पुन्हा छापलेला असतोच. डेबिट कार्डाच्या बाबतीत त्यांनी पुढची बाजू पालथी ठेवली होती, पण हल्ली काही बँका कार्डाचा क्रमांक, मुदत आणि तीन आकडी सीव्हीव्ही हे सारे मागच्याच बाजूला छापतात, आणि हे कार्ड नेमके त्यातले निघाले. पॅन कार्ड असते तर आणखी एक गंमत झाली असती: नाव झाकून क्रमांक उघडा ठेवला, तरी व्यक्तीच्या पॅनमधले पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. त्यामुळे काय झाकावे आणि काय दाखवावे याचा हिशेब करत बसण्यापेक्षा फोटोच टाकू नये, हे उत्तम. शिवाय आधार क्रमांक असा जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास आधार कायद्यानेही मनाई आहे.

त्या मजकुराने दोन प्रकारच्या लबाडांची सोय झाली असती. पहिला प्रकार सर्वांना सुचतो: सूचना वाचून कोणीही फोन करील आणि रंग, नाव, रक्कम बिनचूक सांगून पाकीट मागेल. दुसरा प्रकार सहसा लक्षात येत नाही. सूचना वाचणारा तिसराच माणूस पाकीटमालकाला गाठून ‘तुमचे पाकीट मला सापडले आहे, आत अमुक कार्डे आणि २,३४० रुपये आहेत, कुरिअरचे पाचशे रुपये पाठवा’ असे म्हणू शकतो. मालकाला सगळा तपशील जुळलेला दिसतो आणि तो विश्वास ठेवतो. म्हणजे खुणा जाहीर केल्या, की मालकाला आपण मालक असल्याचे पटवता येत नाही आणि ज्याला पाकीट सापडले त्यालाही ते आपल्याकडेच आहे, हे पटवता येत नाही.

मग आम्ही दोघांनी बसून तो मजकूर नव्याने लिहिला. तो असा झाला:

‘कर्वे रस्त्यावर नळ स्टॉपच्या परिसरात आज सकाळी एक पाकीट सापडले आहे. ज्यांचे हरवले असेल त्यांनी पाकीट कसे आहे आणि आत काय काय होते, हे ग्रुपवर न लिहिता मला फोन करून स्वतःच्या शब्दांत सांगावे. कोणत्याही कार्डाचा पूर्ण क्रमांक, पिन किंवा ओटीपी सांगू नये. मी तो विचारणारही नाही. पाकीट समक्ष आणि ओळखपत्र पाहूनच दिले जाईल. रविवारपर्यंत कोणी न आल्यास ते पोलीस चौकीत जमा करीन.’

यात ठिकाण ठेवले आहे, ते जाणूनबुजून. पाकीट नेमके कुठे पडले, हे मालकाला बहुतेक वेळा ठाऊकच नसते. त्यामुळे ‘कुठे हरवले?’ हा परीक्षेचा प्रश्न होऊ शकत नाही. मात्र ‘आपण सकाळी तिकडून गेलो होतो’ एवढे आठवून तो फोन करतो, म्हणून परिसर आणि दिवस सांगायलाच हवा. बाकाचा उल्लेख आणि साडेनऊची वेळ गाळली, कारण त्याने मालकाला काही फायदा नव्हता आणि लबाडाला मात्र खरे वाटेल असे सांगायला दोन गोष्टी मिळाल्या असत्या. रंग, चामडे, बँक, रक्कम आणि नाव यांपैकी एकही गोष्ट मालकाला कळवण्याची गरज नाही. ती त्याला माहीत आहे, आणि म्हणूनच ती त्याच्याकडून ऐकायची आहे.

सर्वांत जपायचे ते नाव. पाकिटात फोटो असलेले ओळखपत्र असेल आणि त्यावरचे नाव कुठेही जाहीर झालेले नसेल, तर फोनवर सांगितलेले नाव, ओळखपत्रावरचे नाव आणि समोर उभ्या माणसाचा चेहरा हे तिन्ही जुळणे, यापरता पुरावा नाही. पाकीट मारून पैसे काढून ते टाकून देणाऱ्या चोराला आतल्या सगळ्या वस्तू तोंडपाठ असू शकतात; प्रश्नोत्तरांत तो पास होईल, चेहऱ्यात होणार नाही. म्हणूनच वयस्कर मालकाच्या वतीने मुलगा किंवा सून आली, तर मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोलून चेहरा ताडून पाहावा, आणि मगच पाकीट हातात द्यावे.

ओळखपत्र नसलेल्या पाकिटाची गोष्ट अवघड असते आणि तिथे प्रश्न कसा विचारतो, यावर सारे अवलंबून असते. शेजाऱ्यांना आलेला पहिला फोन मी समोर बसून ऐकला. पलीकडचा माणूस म्हणाला, “काळं पाकीट आहे ना?” शेजारी म्हणाले, “तुम्हीच सांगा.” “काळंच असेल, नाहीतर तपकिरी. आत आधार असणार आणि पैसे.” आधार आणि पैसे कोणाच्या पाकिटात नसतात? अशा वेळी ‘नाही, काळे नाही’ एवढेही बोलू नये, कारण प्रत्येक नकाराने पुढचा अंदाज सोपा होतो आणि तोच माणूस दुसऱ्या नंबरवरून सुधारलेले उत्तर घेऊन येतो. सगळे ऐकून घ्यावे, बरोबर-चूक काहीच न सांगता ‘पाहून कळवतो’ म्हणावे आणि फोन ठेवावा.

खरा मालक संध्याकाळी बोलला. त्याने रक्कम ‘दोनेक हजार असतील’ अशी सांगितली, आणि लायसन्सचा उल्लेख तर केलाच नाही. ते गाडीच्या डिकीत आहे, अशी त्याची समजूत होती. पण विचारण्याआधीच तो म्हणाला, की चेनच्या कप्प्यात दुचाकीची जादा किल्ली आहे आणि तिला लाल दोरा बांधलेला आहे. रकमेतली चूक संशयास्पद मानू नये. खिशातले पैसे रुपयापर्यंत किती जणांना आठवतात? उलट जे अंदाजाने सांगता येत नाही, असे काहीतरी त्याच्या तोंडून आपोआप आले का, हे पाहावे. बहुतेक पाकिटांत असे काही असतेच: चष्म्याच्या दुकानाची पावती, उसवलेली शिवण, कोणाचा तरी पासपोर्ट आकाराचा फोटो. सापडल्याबरोबर ते स्वतःपुरते कागदावर टिपून ठेवावे आणि कोणालाही, अगदी घरच्या ग्रुपवरही, सांगू नये.

रक्कम जाहीर न केल्याने एक अडचण उरते, हे मान्य करतो. परत घेताना मालक ‘आत पाच हजार होते’ म्हणाला तर? त्यावर उपाय म्हणजे सापडल्यावर लगेच दुसऱ्या एका व्यक्तीसमोर पैसे मोजून, आकडा व वेळ लिहून दोघांनी सही करावी आणि पैसे पाकिटातच ठेवावेत. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ७१ प्रमाणे दुसऱ्याची वस्तू सापडल्यावर ती ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येतेच, त्यामुळे हा कागद आपल्याच उपयोगाचा आहे. तेवढाही व्याप नको असेल, तर पाकीट सरळ जवळच्या पोलीस चौकीत द्यावे. पाकिटात बँकेचे कार्ड असेल तर त्यामागे छापलेल्या ग्राहकसेवा क्रमांकावर कळवता येते; बँक मालकाचा नंबर आपल्याला देणार नाही, पण मालकाला निरोप देऊ शकते. हा मार्ग तर ग्रुपवर काही लिहिण्याच्याही आधी करून पाहण्याजोगा आहे.

ज्यांनी जुन्या पद्धतीची सूचना आधीच पाठवली आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. व्हॉट्सअॅपवरचा संदेश पंधरा मिनिटांच्या आतच दुरुस्त करता येतो, आणि पुढे गेलेल्या प्रतींवर त्या दुरुस्तीचा काहीच परिणाम होत नाही. अशा वेळी मूळ संदेश सर्वांसाठी डिलीट करावा, फोटो पुढे न पाठवण्याची विनंती करावी आणि जाहीर झालेली प्रत्येक खूण बाद समजून केवळ न फुटलेल्या खुणांवर चौकशी करावी. पाकीट परत गेल्यावर ‘मालकाला मिळाले’ एवढेच लिहावे. आभाराच्या भरात त्यांचे नाव आणि सोबत काढलेला फोटो टाकला, की इतकी झाकाझाक व्यर्थ जाते.

आपल्या दैनिकाकडेही ‘सापडले आहे’ प्रकारचे मजकूर छापण्यासाठी येत असतील. ते स्वीकारताना नाव, रक्कम आणि वर्णन गाळून केवळ वस्तू, परिसर, दिवस आणि संपर्क एवढेच छापावे, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, कोथरूड, पुणे