१६ तास मोजता, तर उरलेले २४ही मोजा

प्रति,
मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : वरिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकांच्या साप्ताहिक कार्यभाराची पूर्ण मोजणी करण्याबाबत

महोदय, सप्रेम नमस्कार.

सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवते. दरवर्षी आमच्याकडून कार्यभाराचा तक्ता भरून घेतला जातो, प्राचार्यांच्या सहीने तो कोल्हापूरच्या सहसंचालक कार्यालयात तपासणीला जातो. त्यात वर्ग, पेपर, आठवड्याच्या तासिका आणि शेवटी बेरीज असते. बेरीज १६ घड्याळी तास भरली, की आमचं काम पूर्ण मोजलं गेलं असं धरलं जातं. माझं म्हणणं या बेरजेबद्दल आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाची १८ जुलै २०१८ची नियमावली आपल्या शासनाने ८ मार्च २०१९च्या निर्णयाने राज्यात लागू केली. तिच्यात पूर्णवेळ शिक्षकाचा कार्यभार आठवड्याला ४० तासांपेक्षा कमी नसावा असं म्हटलंय. वर्षाला ३० आठवडे, म्हणजे अध्यापनाचे १८० दिवस. त्या ४० तासांत प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकाला १६ आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाला १४ तास. आमच्याकडे तासिका ४८ मिनिटांची असते, म्हणून १६ तास म्हणजे वेळापत्रकातल्या २० तासिका. इथपर्यंत वादाचं काही नाही. उरलेले २४ तास कशाचे, हे मात्र कोणताही तक्ता विचारत नाही.

मी माझ्याच वेळापत्रकापासून सुरुवात करते. माझ्याकडे ५ वेगवेगळे पेपर आहेत, प्रत्येकाच्या आठवड्याला ४ तासिका. नवीन शैक्षणिक धोरण २०२४-२५पासून संलग्न महाविद्यालयांत आलं आणि त्यासोबत अभ्यासक्रम बदलले. माझ्या पाचांतले ३ पेपर नव्या अभ्यासक्रमाचे आहेत. त्यांतला एक दुसऱ्या शाखेच्या मुलांसाठी आहे, ज्यांनी अर्थशास्त्राचं पुस्तक कधी उघडलेलं नाही. नव्या पेपरसाठी मराठी माध्यमाचं पुस्तक बहुतेक वेळा हातात नसतं. इंग्रजी संदर्भ वाचायचे, रिझर्व्ह बँकेच्या अहवालातली आकडेवारी काढायची, ती आटपाडी-जतहून येणाऱ्या मुलांना समजेल अशा मराठीत मांडायची आणि तिच्या टिपणाच्या झेरॉक्स द्यायच्या. अशा एका तासिकेला मी ४५ मिनिटं तयारी धरते. शिकवणाऱ्या कुणालाही हा आकडा कमीच वाटेल, पण मुद्दाम हात आखडून हिशेब करते आहे. नव्या पेपरच्या १२ तासिकांचे ९ तास झाले. जुन्या दोन पेपरच्या ८ तासिकांना १५ मिनिटांप्रमाणे २ तास. तयारी झाली ११ तास.

आता त्याच नियमावलीतली दुसरी अट पाहा. पदवी वर्गांच्या शिक्षकाने रोज किमान २ तास विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनासाठी, ग्रंथालयातल्या सल्ल्यासाठी, समाजविकासाच्या वा अभ्यासेतर कामासाठी किंवा संशोधनासाठी द्यावेत, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. एका शिक्षकाकडे किमान १५ विद्यार्थी असावेत. ३० आठवड्यांत १८० दिवस म्हणजे आठवडा ६ दिवसांचा, तेव्हा हे १२ तास झाले. ही अट मला मनापासून पटते. पहिल्या वर्षाची मुलगी वर्गात तोंड उघडत नाही, शेवटच्या एसटीआधी अर्धा तास केबिनमध्ये बसली की शिष्यवृत्तीच्या अर्जापासून घरच्या लग्नाच्या घाईपर्यंत सगळं बोलते. तो अर्धा तास कुणी माझ्याकडून काढून घेऊ नये.

पण बेरीज बघा. अध्यापन १६, तयारी ११, मार्गदर्शन १२. एकूण ३९. परीक्षा, उत्तरपत्रिका, प्रवेश, नॅकच्या फायली, समित्यांच्या बैठका, या सगळ्यांसाठी ४० तासांतला १ तास उरला.

एनएसएससारखं काम त्या १२ तासांत बसतं, हे मान्य. पण मग मार्गदर्शन आणि संशोधन त्यातून बाहेर पडतं. आणि ७ दिवसांचं निवासी शिबिर रोजच्या २ तासांत बसवायचं तरी कसं? शिवाय शिक्षकाने रोज किमान ५ तास महाविद्यालयात हजर राहावं असा नियम आहे, म्हणजे आठवड्याला ३०. त्यांतले २८ अध्यापन आणि मार्गदर्शनातच जातात. तयारी घरीच होते, रात्री किंवा रविवारी. गावात लोक म्हणतात, मास्तरांना पाच तासांची नोकरी. त्यांना घरचे तास दिसत नाहीत हे समजू शकतं. शासनाच्या तक्त्यालाही ते दिसू नयेत, याचं वाईट वाटतं.

शाळांच्या बाबतीत कायद्याने हे पाहिलं आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या अनुसूचीत शाळेतल्या शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास सांगताना त्यात तयारीचे तास धरलेत, असं शब्दांत लिहिलं आहे. आमच्या तक्त्यात तयारीचा रकाना नाही. त्याचा सगळ्यात मोठा तोटा असा, की पेपर किती वेगळे आहेत याला काही किंमतच राहत नाही. एखादा सहकारी एकच पेपर चार तुकड्यांना ५-५ तासिका शिकवत असेल, तर त्याच्याही २० तासिका होतात. त्याला आठवड्याला ५ तासिकांची तयारी करावी लागते, मला २० तासिकांची. त्याच्यावर माझा राग नाही, तुकड्या जास्त म्हणजे पेपर तपासणीही जास्त. पण तक्त्यावर आम्हा दोघांसमोर १६ हाच आकडा येतो, आणि छोट्या महाविद्यालयात, जिथे विषयाला एक-दोनच शिक्षक असतात, पाच-पाच पेपर अंगावर घेणाऱ्याचं काम कागदावर कधीच येत नाही.

हा झाला साधा आठवडा. आता परीक्षेचा घ्या.

दोन तासांच्या पेपरचं पर्यवेक्षण दोन तासांत संपत नाही. अर्धा तास आधी परीक्षा विभागात हजर व्हायचं, ब्लॉकच्या उत्तरपत्रिका मोजून घ्यायच्या, वर्गात बैठक क्रमांक तपासायचे. पेपर सुरू झाला की प्रत्येकाचं हॉलतिकीट बघायचं, उत्तरपत्रिकेवर क्रमांक बरोबर लिहिलाय का पाहून सही करायची, गैरहजरांची नोंद करायची. एका आकड्याची चूक झाली तर त्या मुलाचा निकाल राखून ठेवला जातो, म्हणून ही सही उभ्या उभ्या उरकता येत नाही. पेपर संपल्यावर उत्तरपत्रिका क्रमाने लावून, मोजून, वरिष्ठ पर्यवेक्षकांकडे जमा केल्यावरच सुटका. एक सत्र म्हणजे ३ तास. आठवड्याला ६ सत्रं आली तर १८ तास.

एका वर्षाची परीक्षा चालू असते तेव्हा दुसऱ्या वर्षाचे वर्ग थांबत नाहीत. समजा निम्म्या, म्हणजे १० तासिका चालू राहिल्या. ते ८ तास, आणि त्यांची तयारी साडेपाच. त्याच आठवड्यात तपासणीला ६० उत्तरपत्रिका आल्या आणि एकीला १२ मिनिटं दिली, तर आणखी १२ तास. ही बेरीज साडेत्रेचाळीस होते. मार्गदर्शनाचे १२ मिळवले तर साडेपंचावन्न. प्रत्यक्षात काय होतं? मार्गदर्शनाचे तास सगळ्यात आधी गळतात, कारण त्यांची हजेरी कुणी घेत नाही. बुडालेल्या तासिका नंतर जादा तास घेऊन भरून काढाव्या लागतात, कारण पदोन्नतीच्या मूल्यमापनात नेमून दिलेल्या तासिकांपैकी ८० टक्के झाल्या तरच ‘चांगले’ असा शेरा मिळतो.

इथे दोन आक्षेप येतात. पहिला, पर्यवेक्षणाचं आणि तपासणीचं वेगळं मानधन मिळतं. मिळतं, ते मी नाकारत नाही. पण मग हे काम ४० तासांच्या बाहेरचं आहे असं शासनाने लिहून द्यावं, म्हणजे ते नाकारण्याची किंवा त्याच्या बदल्यात तासिका कमी करून मागण्याची वाट राहील. आज ते मानधनापुरतं बाहेरचं आणि सक्तीपुरतं आतलं आहे. दुसरा आक्षेप, परीक्षेचा आठवडा जड असला तरी वर्षभराची सरासरी बसते. ३० आठवडे गुणिले ४० म्हणजे वर्षाचे १२०० तास, त्यात बसेल असं वाटतं. पण साधा आठवडाच ३९ तासांचा असेल, तर सरासरी खाली आणणारा हलका आठवडा आणायचा कुठून?

आणि ४० ही फक्त खालची मर्यादा आहे. वरची मर्यादा नियमात कुठेच नाही.

याचा थेट संबंध पदांशी आहे, म्हणून हे पत्र आपल्याला. विषयाला आठवड्याचे ४८ तास असतील तर १६ने भागून ३ पदं निघतात. त्यांतलं एक रिक्त राहिलं की त्याचे १६ तास तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना वाटले जातात आणि कागदावर सगळं जुळतं. त्यांना पैसे फक्त घेतलेल्या तासिकेचे. प्रवेश समिती, नॅक, अंतर्गत परीक्षा, ही तिसऱ्या शिक्षकाच्या वाट्याची कामं उरलेल्या दोघांवर येतात. रिक्त पदामुळे अध्यापनाचे तास बुडाले तर अहवालात दिसतात. बाकीचे २४ तास दोघांच्या डोक्यावर चढतात, ते कुठेच दिसत नाहीत. तासिका तत्त्वावरच्या माझ्या तरुण सहकाऱ्यांची तयारी तर बिनपगारीच असते.

माझ्या मागण्या तीनच आहेत. येत्या वर्षीच्या कार्यभार तक्त्यात तासिकांसोबत वेगवेगळ्या पेपरांची संख्या, त्यांतले नव्या अभ्यासक्रमाचे किती, आणि पर्यवेक्षण, तपासणी व नेमून दिलेली इतर कामं तासांत नोंदवण्याचे रकाने असावेत. चारपेक्षा जास्त वेगळे पेपर असणाऱ्या शिक्षकाला अध्यापनाच्या १६ तासांत २ तासांची सूट मिळावी. विस्तारकार्य आणि प्रशासन पाहणाऱ्या प्राध्यापकांना अशी २ तासांची सवलत आयोगाने पूर्वी दिलेली आहे, त्यामुळे ही कल्पना नवी नाही. तिसरी मागणी, आठवडा ४० तासांच्या वर गेला तर जादा तासांची भरपाई रजेने व्हावी. सुट्टीत कामावर बोलावलं तर त्या दिवसांच्या एक तृतीयांश अर्जित रजा द्यावी, हे आयोगाच्या नियमात आहेच. तोच न्याय सत्र चालू असतानाच्या जादा तासांना लावता येईल.

पहिल्या मागणीला पैसा लागत नाही. सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांकडून एका सत्रापुरता असा तक्ता भरून घ्यावा, एक साधा आठवडा आणि एक परीक्षेचा. त्यातून माझे आकडे चुकीचे ठरले तर तेही कळेल. आमच्या महाविद्यालयाचा तक्ता भरून द्यायची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
अर्थशास्त्राची एक सहायक प्राध्यापक,
जिल्हा सांगली