सूचना : ओवीच्या पोस्टची कॅप्शन २८० च्या आत बसवा
नागपूर गटातल्या सर्वांसाठी. एक्सच्या मोफत खात्यावर मर्यादा २८० चिन्हांची आहे, अक्षरांची नाही. काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. ‘श्रीकृष्ण’ दिसायला तीन अक्षरं, मोजणीत नऊ चिन्हं! म्हणून अंदाजाने लिहिलेली कॅप्शन शेवटी अडते आणि घाईत शेवटचा प्रश्नच कापला जातो.

माप असं ठेवा: पहिली ओळ ५०, ओवी ११०, अर्थ ७०, प्रश्न ४०. मधल्या तीन रिकाम्या ओळींची सहा चिन्हं धरून २७६. ‘तुमच्या मोहल्ल्यात असं कोण आहे?’ हा प्रश्न ३१ चिन्हांत होतो. लिंक टाकली तर २३ चिन्हं जातात; ती अर्थातून कमी करा, ओवी मात्र तोडू नका.

इन्स्टाग्रामवर २२०० चालतात, पण आधी दिसते ती सुरुवातच. तिथे हॅशटॅग शेवटी.