निखिल, सुनावणीच्या पुराव्याविषयी

नाशिक

चि. निखिल यास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मनीषाचा ब्रिटनला तुझ्याकडे येण्याचा व्हिसा नाकारल्याचे पत्र तू पाठवलेस, ते सावकाश वाचून त्यावर पेन्सिलने खुणा केल्या. कायद्याचा युक्तिवाद तुमचे तिकडचे वकील करतील. परंतु येथील जिल्हा न्यायालयात लघुलेखिका म्हणून मी आयुष्यभर साक्षी उतरवून घेतल्या आहेत. साक्ष कोठे टिकते आणि कोठे कोसळते हे मला ठाऊक आहे, म्हणून तेवढ्याविषयीच लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे नकाराच्या पत्रात काय नाकारलेले नाही ते पाहा. २९,००० पौंडांच्या उत्पन्नाची अट आणि इंग्रजीची परीक्षा या दोन्ही गोष्टी अधिकाऱ्याने मान्य केल्या आहेत, तेव्हा पगाराच्या स्लिपांचा ढीग पुन्हा जोडून न्यायाधीशांचा वेळ घेण्याचे कारण नाही. वाद एकच आहे, तो म्हणजे तुमचे नाते खरे व टिकून असलेले आहे किंवा नाही. त्यासाठी त्यांनी तीन कारणे दिली आहेत: पहिल्या भेटीच्या तारखेत तफावत, लग्नापूर्वीच्या संपर्काचा पुरावा नसणे, आणि तू पत्नीला पैसे पाठवत असल्याचे न दिसणे. या तीन वाक्यांसाठी तीन स्वतंत्र पाने घे आणि प्रत्येक वाक्याला कोणता कागद व कोणता साक्षीदार उत्तर देतो ते त्या पानावर लिही. जो कागद कोणत्याच पानावर बसत नाही, तो वकिलांना विचारल्याशिवाय संचात घालू नकोस.

सिद्ध करण्याची जबाबदारी मनीषावर आहे, कारण अपील तिचे आहे आणि तू तिचा प्रायोजक व साक्षीदार आहेस. मात्र फौजदारी खटल्याप्रमाणे संशयातीत पुरावा येथे लागत नाही. आपले म्हणणे खरे असण्याची शक्यता खोटे असण्यापेक्षा जास्त आहे, एवढे दाखवले की पुरते. शिवाय न्यायाधीश नकाराच्या तारखेपाशी थांबत नाहीत, नंतर घडलेलेही पाहतात. म्हणून नकारानंतर दिवाळीत तू येऊन राहिलास त्याची तिकिटे, पासपोर्टवरचे शिक्के आणि वणीला गेलो तेव्हाची छायाचित्रे आवर्जून दे.

आता तफावतीकडे येते, कारण नकाराचा खरा आधार तीच आहे. अर्जात तू पहिली प्रत्यक्ष भेट डिसेंबर २०२३ अशी लिहिलीस. मनीषाने मुलाखतीत ‘आम्ही ऑगस्टमध्ये भेटलो’ असे सांगितले. घरातल्या आपणा सर्वांना ठाऊक आहे की ऑगस्टमध्ये पाहण्याचा कार्यक्रम व्हिडिओ कॉलवर झाला आणि तू प्रत्यक्ष आलास तो डिसेंबरात, साखरपुड्याच्या आधीच्या आठवड्यात. पण न्यायाधीशांना हे ठाऊक नाही, आणि ‘तिचा गोंधळ झाला असावा’ असे तू लिहिलेस तर ते तिच्या मनातले तुझे अनुमान ठरेल. त्याऐवजी कागद क्रमाने मांड: जूनमध्ये मामांनी पाठवलेला तिचा बायोडेटा ज्या संदेशात आला तो तारखेसह, ऑगस्टमधल्या त्या रविवारच्या कॉलची नोंद, आणि डिसेंबरातला मुंबई विमानतळावरचा शिक्का. मग मनीषा तिच्या जबाबात स्वतः सांगेल की ऑगस्ट म्हणताना तिच्या मनात कोणता प्रसंग होता. मुलाखतीचा प्रश्नोत्तरांचा उतारा गृहखात्याच्या कागदांत असेल. जबाब लिहिण्याआधी तिने तो वाचलाच पाहिजे, नाहीतर एक तफावत मिटवताना दुसरी उभी राहील.

पैशांचे कारण अधिकाऱ्याला आपली घरे कशी चालतात ते न समजल्यामुळे आले आहे. मनीषा लग्नापासून आपल्याकडे राहते आणि तू दरमहा पैसे बाबांच्या खात्यात पाठवतोस, त्यामुळे तिच्या नावावर काही दिसत नाही. नुसते बाबांचे बँक स्टेटमेंट जोडले तर त्यातून मुलगा वडिलांना पैसे पाठवतो एवढेच सिद्ध होईल. म्हणून बाबा स्वतःच्या जबाबात लिहितील की त्या रकमेतून मनीषाच्या बी.एड.ची फी भरली, आणि फीची पावती व त्याच आठवड्यात खात्यातून गेलेली तेवढीच रक्कम दोन्ही शेजारी ठेवतील. कागदाला माणसाने जोडून दिल्याखेरीज तो बोलत नाही, हे मी साक्षीच्या पिंजऱ्यासमोर बसून पाहिले आहे.

संदेशांबाबत एक व्यावहारिक सूचना. मनीषाचे नाव तुझ्या फोनमध्ये ‘बायको’ म्हणून जतन केलेले आहे. तशा स्क्रीनशॉटवरून तो क्रमांक कोणाचा हे समजत नाही, म्हणून संपर्काच्या माहितीचे क्रमांक दाखवणारे पानही सोबत जोड. सगळ्या गप्पा छापू नकोस. साखरपुडा ते लग्न या काळातील प्रत्येक महिन्याची थोडी पाने पुरेत, पण घेतलेल्या दिवसाचे संभाषण मधून कापू नकोस. मराठी मजकुराचे इंग्रजी भाषांतर भाषांतरकाराच्या प्रमाणपत्रासह द्यावे लागते, आणि तेही कमी पाने निवडण्याचे एक कारण आहेच.

जबाबांविषयी माझे मत ठाम आहे. तुझा, मनीषाचा, बाबांचा आणि माझा असे चार जबाब होतील, आणि ज्याने जे स्वतः पाहिले तेवढेच त्याने लिहावे. मी लग्नाची तयारी, तिचे आपल्या घरातले राहणे आणि रात्री तुमचे होणारे बोलणे यांविषयी लिहीन. तुम्ही काय बोलता हे मला ठाऊक नाही, म्हणून ते लिहिणार नाही. चारही जबाबांत एकच वाक्यरचना दिसली की ते एकाच हाताने लिहिले हे कोणालाही कळते, आणि मग खरी माणसेही पढवलेली वाटू लागतात. यासाठी मनीषा लिहायला बसेल तेव्हा मी त्या खोलीत नसेन. तिने मराठीतच लिहावे, परिच्छेदांना क्रमांक द्यावेत, शेवटी मजकूर सत्य असल्याचे विधान, सही व तारीख असावी, आणि भाषांतर त्यानंतर व्हावे. तुझे काका म्हणतात तसे स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून नोटरीचा शिक्का घ्यायला सीबीएसला जाण्याची गरज नाही. त्याने जबाबाचे वजन तिकडे वाढत नाही.

तेथे तुझा लेखी जबाब हीच तुझी सरतपासणी मानली जाईल आणि गृहखात्याचा प्रतिनिधी लगेच उलटतपासणी सुरू करील. जे आठवत नाही ते आठवत नाही असे सांग. जबाबात ‘रोज बोलतो’ असे लिहून कॉलच्या नोंदीत चार दिवसांचा खंड दिसला तर प्रश्न येणारच. तू रात्रपाळीला असताना बोलणे होत नाही, हे जबाबातच लिही.

मनीषाला येथून व्हिडिओवर तोंडी साक्ष देता येईल असे गृहीत धरू नकोस. परदेशातून तोंडी पुरावा घेण्यास त्या देशाची हरकत नाही ना, हे ब्रिटिश परराष्ट्र खात्यामार्फत आधी पाहावे लागते आणि त्यास वेळ लागतो. लेखी जबाबाला ही अडचण नाही. तोंडी साक्ष हवी असे वकिलांचे मत असेल तर त्यांनी न्यायाधिकरणाला आताच कळवावे आणि मराठी दुभाषाही त्याच वेळी मागावा.

लग्नाच्या नोंदणीच्या दाखल्याची प्रत आणि कार्यालयाच्या भाड्याची पावती मी काढून ठेवली आहे. तू तुझ्या पासपोर्टच्या कोऱ्या पानांसह सर्व पानांच्या प्रती पाठव आणि कागद दाखल करण्याची शेवटची तारीख वकिलांकडून लेखी घेऊन कळव, म्हणजे भाषांतरकाराला दिवस सांगता येईल.

तुझी,
आई