हॉलमार्क कडीवर, खोट साखळीत: बेळगाव शाखेत घेतलेल्या गोफाबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,
मुख्य कार्यालय

विषय: 22 कॅरेट म्हणून विकलेला गोफ कमी शुद्धतेचा निघाल्याबाबत आणि भरपाईबाबत.

महोदय,

जावयाला लग्नात घालायला म्हणून आम्ही खानापूरहून येऊन तुमच्या बेळगावच्या शाखेत एक गोफ घेतला. वजन 24 ग्रॅम. खडा, मणी, लाख असलं काही नाही, सरळ सोन्याचा गोफ. बिलाची प्रत जोडली आहे. त्यावर ‘सोन्याचा गोफ, 22 कॅरेट’ एवढंच लिहिलंय. निव्वळ वजन वेगळं दाखवलेलं नाही, 916 हा आकडाही नाही. हॉलमार्कचे 45 रुपये आणि त्यावरचा कर मिळून 53 रुपये 10 पैसे मात्र न चुकता लावलेत. हॉलमार्क केलेल्या दागिन्याच्या बिलात निव्वळ वजन आणि कॅरेट व हजारी अशा दोन्ही पद्धतींनी शुद्धता असायला हवी, हे तुमच्या बिलिंगवाल्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

घेतानाच मी शिक्का बघायला मागितला होता. ग्राहकाला दहापट मोठं दिसेल असं भिंग दुकानात असायला हवं. ते ‘दुसऱ्या काउंटरला आहे, आणतो की’ असं सांगितलं आणि शेवटपर्यंत काही आलं नाही. उजेडात धरून गोफ अडकवायच्या आकड्याजवळच्या चपट्या कडीवर तिन्ही खुणा दिसल्या: त्रिकोणातलं बीआयएसचं चिन्ह, 22K916, आणि सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी. हा क्रमांक BIS Care अ‍ॅपमध्ये Verify HUID इथं घालून दाखवा म्हटल्यावर विक्रेत्यानं तो स्वतःच्या फोनवर घातला, शुद्धतेची ओळ माझ्यासमोर धरली आणि ‘बघा, 916 आलं, झालं की!’ म्हणून फोन खिशात घातला.

त्या पानावर शुद्धतेच्या जोडीला दागिन्याचा प्रकारही येतो, हॉलमार्क कोणत्या सराफाच्या नोंदणीवर झाला ते येतं, कुठल्या केंद्रात आणि कधी झाला तेही येतं. घरी माझ्या फोनवर तोच क्रमांक घातला, तर प्रकाराच्या जागी Ring! गोफाला अंगठीचा क्रमांक. सराफाचं नावही तुमच्या कंपनीचं नव्हतं, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. घाऊक व्यापारी किंवा कारखानदार आपल्या नोंदणीवर हॉलमार्क करून माल पुरवतात, तेव्हा नाव त्यांचं येतं, यात गैर काही नाही. प्रकार बदलण्याला मात्र असलं कारण असू शकत नाही. एका दागिन्याला एकच क्रमांक असतो, आणि अंगठी काही वाढून गोफ होत नाही.

शाखा व्यवस्थापकांना हे दाखवलं तर ‘सर्व्हरला चुकीची नोंद झाली असेल’ म्हणाले. असेलही, म्हणून मी नोंदीवर विसंबलो नाही. आमच्या गल्लीतल्या घड्याळजीच्या भिंगाखाली ती कडी बघितली. तिच्या दोन्ही टोकांना डाकाची वेगळी, जरा फिकट कड दिसते. साखळीच्या बाकीच्या जोडांत असा डाक कुठंही नाही. कडी मागाहून बसवली आहे, असं माझं म्हणणं आहे.

मग भारतीय मानक ब्युरोची मान्यता असलेल्या तपासणी केंद्रात गोफ दिला. ग्राहकाला 200 रुपये आणि कर भरून तिथं दागिना तपासून मिळतो. आधी एक्सआरएफ यंत्रावर बघितलं. कडीवर 916 च्या वर आकडा आला, साखळीवर ठिकठिकाणी 880 च्या आसपास. पण हे यंत्र वरचा थरच वाचतं, मुलामा किंवा डाक असला तर फसू शकतं, त्यामुळं तेवढ्यावर तुम्ही हात झटकाल हे मला ठाऊक होतं. म्हणून साखळीतलं सोनं नमुन्याला काढून ‘फायर अ‍ॅसे’ ही भट्टीतली चाचणी करून घेतली. त्यात नमुना शिशासोबत भट्टीत आटवतात, हलक्या धातू निघून जातात, मग चांदी तेजाबात वेगळी होते आणि राहिलेलं शुद्ध सोनं तोलतात. अहवाल जोडला आहे: हजारी 881.

तुमच्या शाखेचं पुढचं उत्तर असं की डाकामुळं ‘थोडं इकडं तिकडं’ होतंच. 22K916 चा शिक्का पूर्ण दागिन्याचा असतो, डाक धरून. मानकात 916 च्या खाली यायला सूट ठेवलेली नाही. शिवाय नमुना डाकाजवळचा नव्हताच.

आता हिशेब. 24 ग्रॅमला 916 प्रमाणं शुद्ध सोनं 21.984 ग्रॅम हवं. 881 प्रमाणं ते 21.144 ग्रॅम भरतं. 0.84 ग्रॅम शुद्ध सोनं कमी, म्हणजे 22 कॅरेटच्या हिशेबानं सुमारे 0.917 ग्रॅम. भारतीय मानक ब्युरो नियम 2018 मधील नियम 49 प्रमाणं शिक्क्यापेक्षा शुद्धता कमी निघाली, तर फरकाच्या रकमेची दुप्पट आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळतो. बिलावर लावलेल्या 22 कॅरेटच्या दरानं ही भरपाई सुमारे 1.834 ग्रॅमची होते, तपासणीचा खर्च वेगळा.

शाखेनं मला गोफ बदलून देतो म्हटलं, पण मजुरी आणि घट कापून. खोटा निघालेला दागिना परत घ्यायचा आणि त्याची घट मी सोसायची, हा व्यवहार मला मान्य नाही. नियमाप्रमाणं भरपाई द्यावी आणि मजुरी व करासह बिलाची पूर्ण रक्कम परत करून गोफ ताब्यात घ्यावा. नमुन्याला गेलेलं सोनं वजनातून कापू नये, तो प्रसंग तुमच्या मालानं आणला.

पैशांपेक्षा मला दुसऱ्या एका गोष्टीचं उत्तर जास्त हवंय. हा गोफ तुमच्याकडं कोणाकडून आला, त्याची खरेदीची पावती कोणती, आणि हॉलमार्कला तो पाठवला गेला होता का? पाठवला असेल तर गोफ म्हणून त्याला मिळालेला क्रमांक कुठं आहे? आणि तो गेलाच नसेल, तर हॉलमार्कचे 53 रुपये 10 पैसे कशाचे घेतले? त्याच पुरवठादाराचे आणखी गोफ आजही त्या काउंटरवर टांगलेले आहेत. त्यांचे क्रमांक प्रकारासकट जुळवून बघेपर्यंत ते विक्रीतून काढावेत.

हे पत्र शाखेत द्यायला गेलो तर ‘इंग्लिशमध्ये आणा, नाहीतर कन्नडमध्ये’ असं सांगण्यात आलं. खानापूरपासून निपाणीपर्यंत तुमच्या लग्नसराईच्या जाहिराती मराठीत लागतात. मराठीत बोलावून घेतलेल्या गिऱ्हाईकाची तक्रारही मराठीत घ्यायला हरकत नसावी.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ब्युरोकडं एचयूआयडीच्या गैरवापराची तक्रार करीन, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करीन. नमुन्याला काढलेलं सोनं सोडलं तर गोफ आहे तसा माझ्याकडं आहे. कडी कापलेली किंवा पॉलिश केलेली नाही. तुमच्या माणसानं तपासायचं असेल तर मान्यताप्राप्त केंद्रात, माझ्यासमोर तपासावं. शाखेत ठेवून जा म्हटलं तर ठेवणार नाही.

आपला,
एक ग्राहक, खानापूर

सोबत: बिलाची प्रत, तपासणी अहवाल व पावती, कडीचे भिंगातून घेतलेले फोटो, अ‍ॅपवरील नोंदीचा स्क्रीनशॉट.